न्याय्य युद्ध आणि अहिंसा: तुलनेला एकच प्रश्न हवा

*"मॅडम, मी कोल्हापुरात एम.ए. तत्त्वज्ञान करते. 'न्याय्य युद्ध आणि अहिंसा: तुलनात्मक नैतिक विचार' यावर अडीच हजार शब्दांचा निबंध आहे. अर्ध्या भागात ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनस, अर्ध्या भागात जैन अहिंसा आणि गांधीजी लिहिले, शेवटी साम्य-भेद दिले. सरांनी 'ही तुलना नाही, दोन टिपणं आहेत' असा शेरा मारून परत दिला. बांधणी कशी बदलू?"*

सरांचा शेरा रास्त आहे, आणि तो पडताळून पाहायची एक सोपी रीत आहे. निबंधातला जैन भाग आधी आणि अक्वायनसचा भाग नंतर ठेवून बघा. एकही वाक्य बदलावं लागलं नाही, तर तुलना झालेली नाही. खऱ्या तुलनेत दुसरा भाग पहिल्यावर उभा असतो. पहिल्या परंपरेने जे उत्तर दिलं, त्याच प्रश्नावर दुसरी काय म्हणते हे तो सांगतो, म्हणून त्याची जागा हलवता येत नाही.

असं का घडतं, तेही सांगते. न्याय्य युद्धाचं प्रकरण आपण एका पाठ्यपुस्तकातून घेतो, अहिंसेचं दुसऱ्यातून. पहिल्यात प्रश्न असतो की युद्ध कधी पुकारावं आणि कसं लढावं. दुसऱ्यात प्रश्न असतो की जीवाने कसं जगावं. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शेजारी ठेवली की शेवटच्या परिच्छेदात 'दोन्ही परंपरा शांततेला महत्त्व देतात' यापलीकडे लिहायला काही उरत नाही. म्हणून आधी असा एक प्रश्न शोधायचा, ज्याचं उत्तर दोघांनाही द्यावंच लागेल. त्यानंतर अशी एक घटना शोधायची, जिच्यावर ती उत्तरं घासून पाहता येतील. बांधणी या दोन गोष्टींमधून आपोआप निघते.

त्याआधी विषय आवळा. 'अहिंसा' ही एकच भूमिका नाही. जैन मुनीची अहिंसा, जैन गृहस्थाची अहिंसा, गांधीजींचा सत्याग्रह आणि अशोकाचा पश्चात्ताप या चार वेगळ्या गोष्टी आहेत. अडीच हजार शब्दांत एका बाजूला अक्वायनस आणि दुसऱ्या बाजूला जैन गृहस्थ एवढंच घ्या. मुनी नको, कारण मुनी कधीच शस्त्र उचलत नाही, तिथे तुलना एका ओळीत संपते. गृहस्थाला घर, शेत, गाव सांभाळायचं असतं, म्हणून खरी अडचण त्याची आहे. गांधीजींना बाहेर काढू नका, त्यांची जागा बदला. ती कुठे, ते पुढे येईल. गीता मात्र या निबंधात आणू नका. तिच्यावर मराठीत इतकं लिहिलं गेलंय की ती आली की सगळी जागा तीच घेते.

आता प्रश्न. माझ्या मते दोन्ही परंपरा ज्या जागी खरोखर समोरासमोर येतात तो प्रश्न असा: रक्षणासाठी, स्वच्छ मनाने लढणाऱ्याच्या हातून जी हिंसा झाली, तिचा दोष त्याच्यावर उरतो का?

अक्वायनस (१२२५–१२७४) युद्धाची चर्चा 'सुम्मा थिओलॉजिए'च्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या विभागात, ४०व्या प्रश्नात करतो. विद्यार्थी तीन अटी पाठ करतात: अधिकार असलेली सत्ता, न्याय्य कारण आणि योग्य हेतू. पण हा प्रश्न ग्रंथात कुठे बसवला आहे हे बघितलं जात नाही. तो राज्यशास्त्राच्या प्रकरणात नाही. ईश्वरावरच्या आणि शेजाऱ्यावरच्या प्रेमाला काय काय विरोधी आहे, त्या चर्चेत तो येतो, आणि त्यातला पहिला उपप्रश्नच असा आहे की युद्ध करणं नेहमीच पाप आहे का. म्हणजे अक्वायनसलाही कर्त्याच्या आत्म्याचीच चिंता आहे. हे लक्षात आलं की तो जैन विचाराच्या शेजारी सहज बसतो, ओढून आणावा लागत नाही. त्याचं उत्तर असं की तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर ते पाप नाही. ६४व्या प्रश्नात तो स्वसंरक्षणाबद्दल बोलतो: एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक हेतूत असलेला आणि एक हेतूबाहेरचा. आपला जीव वाचवणं हा हेतू, हल्लेखोराचा मृत्यू हेतूबाहेरचा. बळ गरजेपुरतंच वापरलं असेल, तर अशी कृती निषिद्ध नाही.

इथे एक सावधगिरी घ्या. 'शेवटचा उपाय म्हणूनच युद्ध' आणि 'यशाची वाजवी शक्यता' या अटी तुम्ही अक्वायनसच्या नावावर लिहिल्या असतील तर काढा. त्या त्याच्या तीन अटींत नाहीत, पुढच्या लेखकांनी परंपरेत घातल्या आहेत. परीक्षक नेमकं हेच बघतात.

जैन बाजू व्याख्येपासून सुरू करा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सूत्र आहे, 'प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा'. प्रमादयुक्त, म्हणजे रागद्वेषाने बेसावध झालेल्या मन-वाणी-देहाच्या व्यापारातून प्राणांना इजा करणं म्हणजे हिंसा. दिगंबर पाठात हे तेरावं सूत्र आहे आणि श्वेतांबर पाठात आठवं, तेव्हा क्रमांक देताना पाठ कोणता तेही लिहा. शिवाय जैन शास्त्रात प्राण दहा आहेत: पाच इंद्रियं, मन-वचन-काया यांची तीन बळं, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. त्यामुळे हिंसा म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे, एखाद्याचं शरीरबळ मोडणंही तीत येतं. उदाहरण तपासताना हे उपयोगी पडेल.

त्यानंतर अमृतचंद्राचार्यांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथातलं विधान घ्या: रागादी विकार उत्पन्न न होणं हीच अहिंसा आणि ते उत्पन्न होणं हीच हिंसा, हा जिनागमाचा, म्हणजे जैन शास्त्राचा, सारांश. म्हणजे हेतूला इथे अक्वायनसपेक्षाही जास्त वजन आहे. समोरच्याला ओरखडासुद्धा उठला नाही तरी मनात द्वेष उठला तर हिंसा घडली, कारण माणसाने आधी स्वतःलाच इजा केली.

गृहस्थापुरते हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी ती आरंभी, शेती-व्यवसायात होणारी ती उद्योगी आणि हल्ल्याच्या प्रतिकारात होणारी ती विरोधी. गृहस्थाने पूर्णपणे सोडायची ती संकल्पी. बाकी तीन त्याने शक्य तितक्या कमी करायच्या. ही चार नावं तत्त्वार्थसूत्रात नाहीत, ती श्रावकांच्या, म्हणजे जैन गृहस्थांच्या, आचारावरच्या नंतरच्या विवेचनातली आहेत, हे एका वाक्यात नोंदवा. शिरोळ-हातकणंगले भागातल्या कुठल्याही जाणत्या श्रावकाला हे चार प्रकार विचारा, तो शेतातलं उदाहरण देऊन समजावेल. ते ऐकून घ्या, पण निबंधात आधार ग्रंथाचाच द्या.

आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. वरवर पाहता ती एकच वाटतात, कारण दोघेही प्रतिकाराला वाव देतात आणि दोघेही हेतूकडे बघतात. बहुतेक निबंध इथेच थांबतात. पण अक्वायनसच्या दृष्टीने अटी पुऱ्या झाल्यावर लढणाऱ्याच्या खात्यावर काही उरत नाही. जैन दृष्टीने विरोधी हिंसा गृहस्थाकडून सुटत नाही एवढंच मान्य केलं आहे. तिच्या नावात 'हिंसा' कायम आहे आणि कर्माचा बंध चुकत नाही, फक्त कषाय, म्हणजे रागद्वेषासारखे विकार, जितके मंद तितका बंध हलका. एक परंपरा समर्थन देते, दुसरी सवलत देते. हा फरक तुमच्या निबंधाचा सिद्धांत होऊ शकतो: 'अक्वायनस आणि जैन गृहस्थधर्म दोघेही हेतूला केंद्रस्थानी ठेवतात, पण अक्वायनसकडे हेतू दोष पुसतो, जैनांकडे तो दोषाचं फक्त माप ठरवतो.' सिद्धांत चांगला आहे की नाही हे असं ओळखा: एखादा शहाणा माणूस त्याच्याशी असहमत होऊ शकतो का? 'दोन्ही परंपरा महत्त्वाच्या आहेत' याच्याशी कोणी असहमत होणार नाही, म्हणून तो सिद्धांतच नाही.

जैन बाजूचा एक पुरावा अवश्य घ्या. श्वेतांबर आगमातल्या भगवतीसूत्रात वरुण नावाच्या श्रावकाची कथा आहे. राजाज्ञेने तो युद्धात जातो, पण जो आधी प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करायचा असं व्रत घेतो. जबर जखमी झाल्यावर तो रणातून बाजूला होतो, व्रतपूर्वक देह ठेवतो आणि स्वर्गात जातो. त्याच प्रसंगात महावीर 'रणात मरणारे सगळे स्वर्गाला जातात' ही लोकसमजूत नाकारतात. वरुणाला गती मिळते ती व्रताने आणि अखेरच्या समाधीने, लढण्याने नव्हे. सवलत आणि समर्थन यातला फरक यापेक्षा स्पष्ट दाखवणारा उतारा मला माहीत नाही. आपल्याकडचा जैन समाज बहुतांशी दिगंबर आहे आणि हा ग्रंथ श्वेतांबर परंपरेचा, तेव्हा तो उल्लेख ठेवा.

आता घटना. विद्यार्थी बहुधा दुसरं महायुद्ध घेतात. मी तुम्हाला जवळची आणि जास्त अवघड घटना सुचवते: १९४३ पासून तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेलं प्रतिसरकार. महायुद्धात दोन्ही बाजूंना राज्यसत्ता होत्या, त्यामुळे अधिकाराची अट तपासावीच लागत नाही. इथे तीच अट वादाची आहे. आणि दोन प्रसंग वेगवेगळे घेता येतात.

पहिला प्रसंग शेणोलीचा. जून १९४३ मध्ये जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवून ते पैसे घेतले. ४०वा प्रश्न वाचून थांबलात तर उत्तर सोपं आहे: खासगी माणसाला युद्धाचा अधिकार नाही, म्हणून कृती गैर. पण ४२व्या प्रश्नात अक्वायनस म्हणतो की जुलमी राजवट न्याय्य नसते, म्हणून ती उलथवणं हे बंड ठरत नाही. अपवाद एकच, त्या उलथापालथीने प्रजेला जुलमापेक्षा जास्त इजा होत असेल तर. म्हणजे तुमच्यापुढे दोन कामं आली. ब्रिटिश सत्ता त्याच्या अर्थाने जुलमी होती का, म्हणजे राज्यकर्त्याच्या लाभासाठी चालत होती का, ते दाखवायचं. आणि अशा कृत्यांनंतर गावांवर जो पोलिसी जाच आला तो कोणत्या पारड्यात घालायचा, ते ठरवायचं. इथे निकाल सरळ येत नाही, आणि येत नाही तसंच लिहा.

याच प्रसंगावर जैन उत्तर वेगळ्या वाटेने जातं. कोणाच्या प्राणांना इजा केली नसेल, तर आधी विचारलं जाईल ते अस्तेय व्रत. 'अदत्तादानं स्तेयम्', न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. अस्तेयाच्या अणुव्रताच्या, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या मर्यादित व्रताच्या, अतिचारांमध्ये, म्हणजे व्रताला बाधा आणणाऱ्या दोषांमध्ये, 'विरुद्धराज्यातिक्रम' असाही एक आहे. त्याचा अर्थ टीकाकार एकाच रीतीने लावत नाहीत, पण राज्याची मर्यादा ओलांडण्याचा प्रश्न जैन नीतीत युद्धाच्या नव्हे, तर अस्तेयाच्या व्रतातून आत येतो, हे दिसतं. अक्वायनसकडे सत्तेचा प्रश्न दारातच उभा असतो, इथे तो बाजूच्या दाराने येतो. ही निरीक्षणं फक्त तुलनेतून मिळतात. स्वतंत्र टिपणांत ती कधीच आली नसती.

दुसरा प्रसंग खबऱ्यांना आणि गुंडांना दिलेल्या शिक्षेचा. तळपायावर मारण्याच्या त्या शिक्षेवरूनच लोकांत 'पत्री सरकार' हे नाव रूढ झालं. अक्वायनसच्या चौकटीत हा स्वसंरक्षणाचा प्रश्न राहत नाही. अपराध्याला शिक्षा देणं हे सार्वजनिक सत्तेचं काम, म्हणून सगळं पुन्हा पहिल्या अटीवर येऊन ठेपतं. न्यायनिवाडे करणारं, गावाने मानलेलं प्रतिसरकार ही सत्ता मानली तर शिक्षा न्यायाची; मानली नाही तर तीच मारहाण खासगी अपराध. जैन चौकटीत मात्र सत्ता मान्य आहे की नाही याने मूळ उत्तर बदलत नाही. शरीरबळ हा प्राण आहे, त्याला इजा झाली, आणि ती ठरवून झाली. खबऱ्या त्या क्षणी हल्ला करत नव्हता, म्हणून ही विरोधी हिंसा म्हणणं अवघड. ती संकल्पीकडे झुकते, म्हणजे गृहस्थाला जी सवलत नाही तिच्याकडे. गाव वाचवण्यासाठी हे केलं, असं उत्तर येईल. मग राजाने दिलेला दंडही संकल्पीच का, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. जैन परंपरेत राजे आणि सेनापती होऊन गेले. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापतीच होता. तेव्हा राजदंडाला कुठेतरी जागा द्यावी लागते, आणि ती देताना जैन विचारही अधिकाराच्या प्रश्नाकडे ओढला जातो. तुमच्या सिद्धांताला पहिला खरा ताण इथे बसतो. तो लपवू नका.

यानंतरच आक्षेपांचा भाग. दोन आक्षेप पुरेत, पण ते बळकट हवेत. पहिला ख्रिस्ती परंपरेतूनच येतो. चौथ्या शतकातल्या सिझेरियाच्या बेसिल या बिशपने सुचवलं होतं की युद्धात माणूस मारलेल्या सैनिकांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहावं, कारण त्यांचे हात शुद्ध नाहीत. म्हणजे समर्थित युद्धातही काही उरतं ही जाणीव तिथेही होती. मग सवलत आणि समर्थन ही विभागणी 'ख्रिस्ती विरुद्ध जैन' अशी राहत नाही. याचं उत्तर असं देता येईल की तुमचा सिद्धांत अक्वायनसपुरता आहे, सगळ्या ख्रिस्ती परंपरेबद्दल नाही. म्हणूनच सुरुवातीला 'पाश्चात्त्य विचार' असं न लिहिता 'अक्वायनस' लिहायचं.

दुसरा आक्षेप गांधीजींचा, आणि त्यांची जागा ही. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिलं की मानवतेसाठी एखादं युद्ध कधी समर्थनीय ठरू शकत असेल, तर एका संपूर्ण वंशाचा छळ थांबवण्यासाठी जर्मनीशी केलेलं युद्ध पूर्ण समर्थनीय ठरेल. पण माझा कोणत्याच युद्धावर विश्वास नाही. या विधानात न्याय्य कारण मान्य आहे, तरी निष्कर्ष नाकारला आहे. म्हणजे कारण न्याय्य असणं आणि साधन स्वीकारार्ह असणं या त्यांच्या दृष्टीने दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अक्वायनसने त्या अटींच्या साखळीने जोडल्या, जैन गृहस्थधर्माने सवलतीने जोडल्या. गांधीजी जोडच नाकारतात. याचबरोबर १९२० च्या 'यंग इंडिया'तलं त्यांचं मतही सांगा: भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचं असेल, तर मी हिंसेचा सल्ला देईन. ते सोडलं तर गांधीजी अपुरे राहतात. प्रतिसरकारकडे या नजरेने पाहिलं की प्रश्न पुन्हा बदलतो. भूमिगत काम गुप्ततेवर उभं होतं, आणि गुप्तता त्यांना सत्याग्रहाशी विसंगत वाटे. तिथल्या माणसांच्या निर्भयतेबद्दल मात्र त्यांच्या कसोटीने तक्रार करता येणार नाही.

शब्दांची वाटणी मी अशी करीन: घटना, प्रश्न आणि सिद्धांत मिळून तीनशे, अक्वायनस आणि जैन व्याख्या प्रत्येकी साडेतीनशे, दोन प्रसंगांवरची समोरासमोर तपासणी नऊशे, आक्षेप चारशे, समारोप दोनशे. तुमच्या पहिल्या खर्ड्यात माहितीच्या भागांनी बहुतेक जागा खाल्ली असणार. तपासणीच्या भागात एका परिच्छेदात अक्वायनस आणि दुसऱ्यात जैन असं लिहू नका, नाहीतर जुनाच दोष छोट्या आकारात परत येतो. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा घ्या आणि दोघांचं म्हणणं त्यातच येऊ द्या: एक अधिकाराचा, एक हेतूचा, एक उरणाऱ्या दोषाचा.

दोन अवतरणं तपासून घ्या. 'अहिंसा परमो धर्मः' महाभारतात आहे, अनुशासनपर्वात. पण त्याला जोडून फिरणारा 'धर्महिंसा तथैव च' हा चरण महाभारतात नाही, तो अलीकडची भर आहे. न्याय्य युद्धाला भारतीय आधार म्हणून तो वापरला असेल तर तेवढा भाग कोसळतो. आणि अशोकाने कलिंगानंतर बळ सोडून दिलं असं लिहू नका. तेराव्या शिलालेखात तो पश्चात्ताप व्यक्त करतो आणि त्याच लेखात जंगलातल्या लोकांना आपल्या सामर्थ्याची आठवणही करून देतो.

समारोपात साम्य-भेदांची यादी नको. तिथे आपला सिद्धांत मान्य केल्यास काय किंमत मोजावी लागते ते लिहा. अक्वायनसकडे गेलात तर तळपायावर मार खाल्लेल्या माणसाच्या वेदनेला, सत्ता मान्य ठरल्यावर, हिशेबात जागा राहत नाही. जैनांकडे गेलात तर गाव राखणारा आणि गाव लुटणारा दोघेही बंधात अडकतात, फरक फक्त प्रमाणाचा, आणि राखणाऱ्याला हे सांगणं जड आहे. यातली कोणती किंमत तुम्हाला परवडते ते एका वाक्यात लिहा आणि त्याचं कारण पुढच्या दोन वाक्यांत द्या.